विषय: लॅपटॉपची बॅटरी फुगली आहे, बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी

प्रति,
आयटी हेल्पडेस्क,
मुख्य कार्यालय, पुणे

सप्रेम नमस्कार,

मी कोल्हापूर शाखेत लेखा विभागात वरिष्ठ लेखापाल आहे. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपबद्दलची तक्रार गेल्या आठवड्यात "Resolved" असा शेरा मारून बंद झाली. बिघाड तेव्हाही दूर झाला नव्हता, आणि आता तर बॅटरीच फुगली आहे. ती तक्रार कृपया पुन्हा उघडावी.

जूनच्या अखेरीस हा त्रास सुरू झाला. मीटिंगला जाताना मी चार्जरची पिन काढली आणि लॅपटॉप त्याच क्षणी बंद पडला. त्या वेळी बॅटरी ४२ टक्के दिसत होती. पुन्हा सुरू केल्यावर Event Viewer मध्ये Kernel-Power, Event ID 41 ही नोंद आली होती. लॅपटॉप व्यवस्थित शटडाउन न होता बंद पडला की ही नोंद होते. त्यानंतर चार्जर काढला की दर वेळी हेच घडत गेले.

तक्रार केल्यावर आपल्या इंजिनिअरनी रिमोटवरून Device Manager मधला बॅटरीचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. तो दिवस ठीक गेला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पुन्हा तसाच बंद पडला. तोवर तक्रार बंद झाली होती. इंजिनिअरनी मनापासून वेळ दिला, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण रिमोटवरून बॅटरी डोळ्यांना दिसत नाही, आणि दोष तिथेच आहे.

या सोमवारपासून टचपॅडचे डावे क्लिक दाबले जात नाही. टचपॅडची खालची कड वर आली आहे. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला तर डुगडुगतो आणि झाकण पूर्ण मिटत नाही. टचपॅडवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून फोटो काढला आहे. पट्टी मधल्या उंचवट्यावर टेकते आणि दोन्ही टोकांना फट राहते, हे त्यात स्पष्ट दिसते. लॅपटॉप बंद करण्याआधी मी पुढची कमांड चालवून बॅटरीचा रिपोर्टही काढला:

```
powercfg /batteryreport
```

त्यात Design Capacity 45,000 mWh आहे, तर Full Charge Capacity फक्त 24,310 mWh. म्हणजे क्षमता जवळजवळ निम्म्यावर आली आहे. रिपोर्ट आणि फोटो सोबत जोडले आहेत.

लॅपटॉप सध्या बंद आहे आणि चार्जरही काढलेला आहे. लिथियम बॅटरीच्या आत वायू साठला की ती फुगते. अशी बॅटरी दाबली, टोचली किंवा चार्जिंगला लावली तर पेट घेऊ शकते. म्हणून लॅपटॉप कागदपत्रांपासून लांब, फरशीवर ठेवला आहे आणि त्याला हात लावू नये असे शाखेत सर्वांना सांगितले आहे. "एकदा चार्ज करून बघा" किंवा "रीस्टार्ट करा" असे कृपया सांगू नये. ते मी करणार नाही.

लॅपटॉप कुरिअरने पुण्याला पाठवायलाही सांगू नये. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला बंदी आहे, आणि पार्सल वाटेत कसे हाताळले जाईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस इंजिनिअरला इथे शाखेत पाठवून बॅटरी बदलून घ्यावी. जुनी बॅटरी त्यांनीच परत न्यावी. ती आमच्या कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. फुगवट्यामुळे कीबोर्डची फ्रेम वाकली आहे का, हेही त्यांनी तपासावे.

माझी खरी काळजी डेटाची आहे. जून महिन्याच्या खरेदीची जुळवणी, म्हणजे पुरवठादारांची बिले आणि GSTR-2B यांचा मेळ, या लॅपटॉपच्या D ड्राइव्हवर आहे आणि तो फोल्डर सर्व्हरच्या बॅकअपमध्ये येत नाही. GSTR-3B भरण्याची मुदत २० जुलै आहे. दुरुस्तीच्या नावाखाली डिस्क फॉरमॅट झाली तर सगळी जुळवणी पहिल्यापासून करावी लागेल. त्यामुळे आधी डेटा काढून घ्यावा आणि मगच बाकीचे काम करावे. ड्राइव्हला BitLocker लावलेले आहे. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, ती आपल्याकडेच आहे. इंजिनिअर येण्याआधी ती काढून ठेवावी, नाहीतर तो येऊन नुसता बसून राहील.

तोपर्यंत मला पर्यायी लॅपटॉप द्यावा. जुना असला तरी चालेल. त्यावर टॅली आणि एक्सेल असावे आणि ऑफिसचे व्हीपीएन चालू असावे. सध्या मी सहकाऱ्याच्या डेस्कटॉपवर, तो जेवायला गेला की, काम उरकते आहे. मुदतीच्या आठवड्यात हे जमणार नाही.

इंजिनिअर कोणत्या दिवशी येणार हे उद्या दुपारपर्यंत कळवावे, म्हणजे मी शाखेतच थांबेन. बॅटरी बदलून लॅपटॉप चार्जरशिवाय नीट चालतो हे मी स्वतः पाहून लेखी कळवेपर्यंत ही तक्रार बंद करू नये. या मेलची प्रत शाखा व्यवस्थापकांना पाठवली आहे.

आपली विश्वासू,
वरिष्ठ लेखापाल,
लेखा विभाग, कोल्हापूर शाखा

सोबत: टचपॅडचे फोटो, बॅटरी रिपोर्ट, Event Viewer चा स्क्रीनशॉट