दांड

ट्रंक उघडल्यावर आधी आला तो वास. डांबराच्या गोळ्या, वाळा आणि त्याखाली पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीला येतो तसा कुबटपणा. आजीचं वर्षश्राद्ध आदल्या दिवशी उरकलं होतं. बाबा रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. मी आचऱ्यातच राहिले, कारण मला परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीन वर्षं एका निर्यात कंपनीत दुसऱ्यांच्या कॉलरी आणि खिसे काढून मार्चमध्ये नोकरी सोडली होती. स्वतःचं काम सुरू करायचं एवढंच ठरलं होतं, कशाचं ते नाही.

ट्रंक माळ्यावरून खाली आणायला शेजारचे दोघे लागले. काकी म्हणाली, "गावपळणीक पण ही ट्रंक बैलगाडीत असायची. बाकी काय ऱ्हवला तरी चलात, पण ही नाय." दर चारेक वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की आमचा अख्खा गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. लहानपणी मी त्या झोपडीत याच ट्रंकेवर बसून पेज जेवले आहे. आत काय आहे, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

आत सात लुगडी होती. वर दोन खण, त्रिकोणी घडीतलेच, एकदाही न उलगडलेले. लुगडी सगळी इरकली: अंग सुती, काठ आणि पदर रेशमी. एक गर्द निळं, एक डाळिंबी, एक काळं, बाकीची बारीक चौकड्यांची. आंबोली घाट उतरून बेळगावचा माल यायचा, त्यातून घेतलेली. मी पदर उलटा करून पाहिला. इरकलीत पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला एकेका धाग्याच्या फासाने अडकवून मग पुढे विणतात. ती रेघ बोटाला लागते. लाल पदर, मध्ये पांढऱ्या पट्ट्या, दातेरी नक्षी. कॉलेजात याची चित्रं पाहून मी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. हातात पहिल्यांदाच घेत होते.

त्या रात्री मी झोपले नाही. वहीत अकरा जाकिटं काढली.

सकाळी खळ्यात चटई अंथरून लुगडी मोजायला घेतली. निळं नऊ वारांचं हवं होतं, भरलं पावणेआठ. वाटलं, फिता सरकला असेल. पुन्हा मोजलं. मग मधोमध हात थांबला. काठापासून काठापर्यंत, आडवी, एक शिवण होती. डाळिंबीलाही होती. चौकड्यांच्या एका लुगड्यालाही. सातांतली तीन.

मला राग आला, खरंच आला. माझ्या कागदी कटिंगला सलग कापड हवं होतं आणि प्रत्येक पाठ नेमकी त्या शिवणीवर येत होती. शिवाय वेगळी अडचण होतीच. काळ्या लुगड्याची घडी उलगडताना रेषेवर कापड फुटलं. जुन्या काळ्या रंगात लोखंड असलं की तोच रंग वर्षानुवर्षं धागा खात राहतो, हे मला माहीत होतं, तरी मी ते धसमुसळेपणाने ओढलं. एका चौकड्याच्या पदराचा कोपरा रिठ्याच्या पाण्यात बुडवून पाहिला, तर पाणी कुंकवासारखं लाल झालं. म्हणजे धुणं बंद. जे काही करायचं ते सावलीत झटकून आणि मऊ ब्रशने.

निळ्याची शिवण उसवायची असं मी ठरवलं. दोन सपाट तुकडे मिळाले की कटिंग बसेल. उसवणीने टाके काढत गेले. दोन्ही कडा एकमेकीत दुमडून शिवलेल्या होत्या, इतक्या घट्ट की पात्याचं टोक शिरेना. वीतभर उसवल्यावर दुमड उलगडली आणि मी पातं खाली ठेवलं. आत अर्ध्या बोटाची पट्टी होती, अमावास्येच्या रात्रीसारखी निळी. मी ज्याला गर्द निळं म्हणत होते तो विटलेला रंग होता. खरा रंग या दुमडीत राहिला होता, उन्हापासून, पाण्यापासून, आजीच्या अंगापासूनही लपून.

"अगो बाय, ह्या काय करतंस?" काकी सोलं वाळत घालायला आली होती. सूप तसंच हातात. "दांड उसवतंस?"

दांड हा शब्द मी 'दांड घातलेलं लुगडं' या म्हणण्यात ऐकला होता. गरिबीचं वर्णन करताना वापरायचा शब्द, एवढंच मला कळत होतं.

"लुगडा मदी इरला काय मधलो भाग कापून काढूचो, नि दोनय तुकडे जोडूचे. बसण्याउठण्याचा, कासोट्याचा कापड आधी जाता. म्हणान चांगली टोका जोडूची."

"आजी इतकं बारीक शिवायची?"

काकी खाली बसली. सूप बाजूला ठेवलं. बराच वेळ नुसती शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली.

"ह्यो टाको तुझ्या आजयेचो नाय. आज्यानी घातलेलो."

आजोबांबद्दल मला ठाऊक होतं ते इतकंच: मुंबईत गिरणीत, विणाई खात्यात, चार साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली आणि त्यातली कितीतरी आमच्यासारख्या घरांत, कोकणात, परत आली. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. संपाबद्दल ते कधी बोलत नाहीत. टीव्हीवर गिरण्यांचं काही लागलं तर उठून पाणी प्यायला जातात.

"मे म्हयन्यात घराक इले. मनीऑर्डर बंद. दिवसभर हयच, खळ्यात, बसान. कोणाशी बोलाचे नाय. माझा लगीन होवन वरीस झाला नव्हता, माका त्यांचा भय वाटायचा." काकी थांबली. "त्या वर्षी आयेक लुगडा इला नाय. असलेली इरली. एका रातीक जेवणा झाली नि त्यानी सुई मागल्यानी. दार लावन घेतला. आये तुकडे धरून बसली, मी कंदील धरलंय. काठ काठाक लावीत, एक एक धागो बघीत. 'साच्यार धागो तुटलो तर जोडूक नको? तसोच ह्यो,' म्हणाले. तीन राती, तीन लुगडी."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"दादल्यान सुई धरली म्हणान लोक हसतीत. आयेन माका शपथ घातलेली." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "आता दोघाय नाय. सांगलंय तर काय जाता."

मी शिवणीवर पट्टी ठेवली. इंचाला बारा टाके, सगळे एकाच मापाचे. दोरा जाड, बिनरंगाचा पांढरा. तो गिरणीतलाच असावा असं मला वाटतं, पण काकीला ते आठवत नाही. काठाच्या दोन्ही बाजूंच्या रेघा मात्र अशा जुळल्या होत्या की मी पहिल्या दिवशी काठावरून जोड हेरूच शकले नव्हते.

अकरा जाकिटांची पानं मी वहीतून फाडली नाहीत, पण पुन्हा उघडलीही नाहीत. प्रश्न साधा होता. दांड कापडाच्या रुंदीत आडवा जातो. सव्वा वार पन्हा. तो दिसावा, पण अंगावर आडवा पट्टा नको. दोन दिवस मी डाळिंबी लुगडं स्वतःभोवती वेगवेगळ्या बाजूंनी गुंडाळत होते. तिसऱ्या दिवशी कापड फिरवलं. लांबी अंगाभोवती आणि पन्हा खांद्यापासून खाली घेतला, की दांड बरोबर पाठीच्या कण्यावर उभा येतो, आणि काठ आपोआप घेराच्या तळाशी. पंचेचाळीस इंच, म्हणजे पोटरीपर्यंतचा लांब, सैल कोट. काठ कापावा लागत नाही, दांड उसवावा लागत नाही. फक्त गळा, हातांची भोकं, आणि उरलेल्या टोकाच्या सरळ बाह्या.

कापड मात्र नाजूक झालेलं. त्याचा भार त्यालाच झेपला नसता. म्हणून आत मलमलचं अस्तर घालून दोन्ही थर धावदोऱ्याने एकत्र टाचले, वाकळीला घालतात तसे, ओळींनी. हे काम काकीचं. माझे टाके चांगले असतात, पण काकीची ओळ खडूशिवाय सरळ जाते. दुपारी जेवणं झाली की आम्ही पडवीत बसायचो, ती एका बाह्येवर, मी दुसरीवर. मशीन मी फक्त गळ्याला लावलं. लाल पदर खिशांना वापरायचा मोह झाला. नाही वापरला. पदर कोटाच्या आत, डाव्या छातीशी अस्तरावर लावला. तो घालणाऱ्यालाच माहीत असेल.

डाळिंबी कोट झाला, मग चौकड्यांचा. काळ्या लुगड्याचं काही होण्यासारखं नव्हतं. त्याचे धड राहिलेले तुकडे आणि कटिंगमधून उरलेलं सगळं काकीने तिच्या वाकळीसाठी गोळा केलं, धागेसुद्धा. खण आम्ही उलगडले नाहीत. न जोडलेली तीन लुगडी पुन्हा ट्रंकेत गेली, या वेळी घड्या बदलून आणि मलमलमध्ये गुंडाळून. त्यांच्यावर काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळेपर्यंत मी कात्री लावणार नाही.

राहिलं निळं. वीतभर उसवलेलं.

ते मी शेवटपर्यंत पुढे ढकललं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी, समुद्राकडून वारा सुटला, माडांच्या झावळ्या कौलांवर आपटायला लागल्या आणि वीज गेली. मी निळं लुगडं मांडीवर घेतलं. कडा पुन्हा एकमेकीत दुमडल्या, तो काळोखा निळा परत आत गेला. बोटाने चाचपलं तर आजोबांच्या सुईची भोकं कापडात तशीच होती, एकेक. धाग्यांनी चाळीस वर्षांत ती बुजवली नव्हती. नवी पाडायची गरजच नव्हती.

मी सुईत पांढरा दोरा ओवला. काकी आतून मोबाईलचा टॉर्च लावून आली, माझ्या शेजारी टेकली आणि उजेड बरोबर शिवणीवर धरला.

"घाई करू नको," ती म्हणाली. "आधी काठ काठाक लाव."