२५ सवाल, इहिदे सितैन: एक अपुरा ईमेल आणि त्याचे उत्तर

विषय: लघुप्रबंधातील मोडी पत्राच्या तारखेविषयी

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मी सायली, एम. ए. इतिहास, भाग दोन. गेल्या सत्रात मोडी लिपी आणि कालगणनेचा पेपर मी आपल्याकडे शिकले. माझा लघुप्रबंध पुरंदर तालुक्यातील कऱ्हाकाठच्या एका पाटील घराण्याच्या कागदपत्रांवर आहे, हे आपल्या स्मरणात असेलच. घराण्यातील वडीलधाऱ्यांनी कागद पाहण्यास आणि त्यांची छायाचित्रे घेण्यास परवानगी दिली असून, बहुतेक कागद वतनाच्या वाटणीचे, कर्जरोख्यांचे आणि वसुलीच्या तगाद्यांचे आहेत.

त्यांत एक पत्र वेगळे निघाले. ते पाटलाने आपल्या पुण्यातील मेहुण्यास लिहिलेले असून पहिल्या अर्ध्या भागात दोन बैलांच्या किमतीचा आणि थकलेल्या वसुलाचा मजकूर आहे. त्यानंतर 'लष्कराकडील वर्तमान येत नाही, चिरंजीवाचे पत्र नाही, जीव घोरांत आहे, श्रीमंतांचे वाड्यात काही कळले तर लिहून पाठवणे' असे वाक्य येते. चिरंजीव सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर हिंदुस्थानात गेला होता, हे त्याच रुमालातील दुसऱ्या एका कागदावरून स्पष्ट होते.

पत्राच्या शेवटी 'छ २५ सवाल सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' अशी तारीख आहे. आपण शिकवल्याप्रमाणे इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, अशी बेरीज करून शुहूर सन ११६१ आला व त्यात ५९९ मिळवून इसवी सन १७६० आले. जंत्रीत २५ सवालासमोर १० जून १७६० ही तारीख मिळाली. तारखेच्या पुढे वार लिहिलेला आहे. तेथे कागदाला कसर लागली असून 'मं' हे पहिले अक्षर आणि शेवटचे 'वार' एवढेच शिल्लक आहे. १० जून १७६० रोजी मंगळवारच होता, त्यामुळे वाचन पक्के झाले असे मला वाटते. पत्रात 'श्रीमंत नानासाहेब' असा उल्लेख असल्यामुळेही त्यास पुष्टी मिळते.

त्यानुसार मी तिसऱ्या प्रकरणात हे पत्र 'पानिपतापूर्वीची एका खेड्यातील चिंता' या शीर्षकाखाली घेतले आहे. प्रकरणाचा कच्चा खर्डा पुढील सोमवारी विभागात द्यायचा आहे. तत्पूर्वी या पत्राच्या मांडणीसंबंधी मला आपल्याला एकच गोष्ट विचारावयाची आहे, ती अशी की



विषय: उत्तर: लघुप्रबंधातील मोडी पत्राच्या तारखेविषयी

प्रिय सायली हीस आशीर्वाद.

तुझा ईमेल 'ती अशी की' येथे संपला आहे. पुढचा मजकूर वाटेत गळला की लिहायचाच राहिला, ते तू पाहशीलच. मी कालपर्यंत वाट पाहिली. परंतु तुझा सोमवार जवळ आलेला आहे आणि जेवढे तू लिहिले आहेस तेवढ्यातच एक प्रश्न असा आहे की, त्याचे उत्तर आल्यावाचून तुझ्या मनातील प्रश्न कोणताही असला तरी तो पुढे सरकणार नाही. म्हणून त्याच प्रश्नाविषयी लिहितो.

तुझी बेरीज बरोबर आहे. सन ११६१ हाच आहे. अडचण ५९९ मध्ये आहे. शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणजे त्या काळी जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. हे तुला ठाऊक आहे, वर्गात आपण पानिपताचेच उदाहरण घेतले होते: १४ जानेवारी १७६१ हा दिवस याच इहिदे सितैन सालात पडतो. तेव्हा तुझ्यापुढील साल पानिपताच्या आधी सुरू होते आणि पानिपतानंतर साडेचार महिन्यांनी संपते, आणि 'पानिपतापूर्वी' हे शब्द नुसत्या सालावरून लिहिता येत नाहीत.

महिन्यावरून ते लिहिता येतील असे तू धरलेस, आणि बहुतेक महिन्यांच्या बाबतीत ते चालले असते. तुझ्या वाट्याला नेमका न चालणारा महिना आला आहे. शुहूर सनाचे वर्ष सौर आहे, पण त्यात लिहिले जाणारे मोहरम, सफर, सवाल हे महिने हिजरीचे, म्हणजे चांद्र. आणि बारा चांद्र महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात. उरलेल्या अकरा दिवसांत त्याच महिन्याच्या त्याच तारखा पुन्हा येतात. म्हणून प्रत्येक शुहूर सालात सुमारे अकरा तारखा दोनदा पडतात, एकदा सालाच्या आरंभी आणि एकदा अखेरीस. सन ११६१ चा मृग निघाला तेव्हा हिजरी ११७३ चा सवाल साधारण एकोणीस दिवसांचा झाला होता. पुढचा मृग आला तेव्हा हिजरी ११७४ चा सवाल संपून जिलकाद लागत होता. याचा अर्थ १९ सवालापासून महिनाअखेरपर्यंतची प्रत्येक तारीख त्या सालात दोन वेळा आली आहे. तुझा २५ सवाल एकदा १० जून १७६० ला येतो आणि दुसऱ्यांदा ३० मे १७६१ ला. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस मागेपुढे होईल, तेवढ्याने या निष्कर्षात फरक पडत नाही. जंत्रीत तुला पहिले पान मिळाले आणि तू तेथेच थांबलीस, असे दिसते.

आता वार. १० जून १७६० ला मंगळवार होता, हे खरे. ३० मे १७६१ ला शनिवार होता, आणि जुन्या कागदांत शनिवारास मंदवार असे लिहिलेले वारंवार आढळते. तुझ्या कसरीने नेमकी तेवढीच जागा खाल्ली आहे, जेथे हे दोन वार वेगळे होतात. मला या कागदाचे कौतुक वाटले, हे लपवीत नाही. परीक्षेसाठी असा प्रश्न मुद्दाम तयार करायला बसलो असतो तरी मला तो साधला नसता.

मात्र येथे एक पडताळा हाती आहे. मंगळवारात 'मं' आणि 'वार' यांच्यामध्ये दोन अक्षरे हवीत, मंदवारात एकच. त्या लेखकाची अक्षरे त्याच ओळीत आणि वरच्या दोन ओळींत सरासरी किती रुंद आहेत ते मोजून पाहा आणि मग भोकाची रुंदी त्यांच्याशी ताडून पाहा. छायाचित्रावर मोजू नकोस, कागदाला घडी असेल तर फसशील. मूळ कागदाशेजारी मोजपट्टी ठेवून घे. मोडी एकटाकी चालते आणि ओळीच्या शेवटी लेखणी घाई करते, म्हणून यावरून मिळेल ते उत्तर संभाव्यतेचे समज.

'श्रीमंत नानासाहेब' या उल्लेखाचा येथे काहीच उपयोग नाही. नानासाहेब २३ जून १७६१ रोजी वारले. तुझ्या दोन्ही तारखांना ते हयात होते.

लष्कराचे वर्तमान येत नाही, या वाक्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सारे प्रकरण तू त्यावर उभे केले आहेस. जून १७६० मध्ये भाऊंची फौज ग्वाल्हेर मागे टाकून चंबळेच्या रोखाने चालली होती, दिल्ली हाती यायला ऑगस्ट उजाडायचा होता. एवढ्या लांबून खेड्यातल्या बापाला महिना-दीड महिना पत्र न येणे नित्याचे होते. मे १७६१ मध्ये मात्र तेच वाक्य फार वेगळे होते. परत आलेले आले होते, न आलेल्यांपैकी कोण पडले, कोण धरले गेले आणि कोण कोठे लपून राहिले याचा पत्ता अनेक घरांना लागत नव्हता. खुद्द भाऊंच्या मृत्यूविषयी इतकी अनिश्चितता राहिली की पुढे त्यांचा तोतया उभा राहू शकला. पहिल्या तारखेस हा बाप काळजीत आहे, दुसऱ्या तारखेस तो बहुधा मुलाला शोधतो आहे. शब्द दोन्हीकडे सारखेच बसतात. एक शंका मात्र नोंदवतो: मे १७६१ मध्ये लिहिणारा माणूस पानिपताचे नावही न काढता आधी बैलांच्या किमतीविषयी लिहील काय? मला वाटते, लिहील. वसूल थकला होता आणि बैल विकायचे होते. तरीही ही माझी समजूत आहे, पुरावा नव्हे, आणि तिच्या जोरावर तारीख १७६१ कडे ओढू नकोस. तसे करण्याचा मोह तुला पुढे होईल, कारण ते प्रकरण अधिक वाचनीय होईल.

निर्णय लागण्याची खरी शक्यता कागदाच्या पाठीवर आहे, आणि तिच्याविषयी तू एक अक्षरही लिहिलेले नाहीस. पाठीवर पत्ता आहे काय, आणि त्याखाली 'पैवस्ती' असा पोचल्याचा शेरा आहे काय? असल्यास पुढचे काम सोपे आहे. पुरंदराकडून पुण्यास पत्र पोचायला आठवडाभर तरी लागला असेल, तर पैवस्तीची तारीख जिलकादात पडेल. हिजरी ११७३ चा जिलकाद १५ जून १७६० च्या सुमारास लागतो, म्हणजे ऐन इहिदे सालात. हिजरी ११७४ चा जिलकाद मृगाबरोबरच सुरू होतो, म्हणजे त्याचे पहिले दोन-चार दिवस सोडले तर तो पुढच्या सालात, सन ११६२ मध्ये मोडतो. थोडक्यात, पैवस्ती 'जिलकाद इहिदे सितैन' असेल तर पत्र १७६० चे, आणि 'जिलकाद इसन्ने सितैन' असेल तर १७६१ चे. शेऱ्यात शक आणि मिती असेल तर आणखी उत्तम. पहिली तारीख शके १६८२ च्या ज्येष्ठ वद्यात पडते आणि दुसरी शके १६८३ च्या वैशाख वद्यात.

शेरा नसेल तर त्याच रुमालातील बैलांचा व्यवहार शोध. किंमत ठरली असेल तर कोठे तरी पावती किंवा खतावणीत नोंद सापडण्याचा संभव आहे, आणि पाटलांच्या हिशेबी कागदांवर तारखा सहसा पत्रांपेक्षा नेटक्या असतात.

सोमवारच्या खर्ड्यात तारीख '१० जून १७६० किंवा ३० मे १७६१' अशीच लिही, दोन्ही का संभवतात ते एका परिच्छेदात सांग आणि प्रकरणाचे शीर्षक तूर्त बदल. विभागाला मी तसे कळवून ठेवतो, त्यासाठी तुला वेगळा अर्ज करावा लागणार नाही. कागदाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शक्य असल्यास तिरप्या उजेडात घेतलेली, शुक्रवारपर्यंत पाठव. कसरीच्या कडेला शाईचा एखादा फराटा उरला असेल तर तो तशा उजेडात दिसतो.

तुझा मूळ प्रश्न याहून वेगळा असेल तर तोही त्याच ईमेलात लिही, आणि या वेळी तो पहिल्या ओळीत लिही.

तुझा,
देशपांडे