घरातल्या गोल वस्तूंमधून π शोधूया
इयत्ता सातवी, गणित : घरी करायचा उपक्रम

मुलांनो, परिघाला व्यासाने भागलं की π मिळतो, हे आपण वर्गात लिहून घेतलं. आता ते स्वतः मोजून बघायचं आहे. उत्तर ३.१४ येतं हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, आणि खरी अडचण तीच आहे. मागे एका वहीत चारही वस्तूंपुढे ३.१४, ३.१४, ३.१४, ३.१४ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. त्या वहीला मी सर्वांत कमी गुण दिले. मोजपट्टीने मोजताना असं कधी होत नाही. या उपक्रमात उत्तर किती चुकलं याला महत्त्व नाही, ते का चुकलं हे शोधायचं आहे.

लागणारं साहित्य : नाणं, सरळ भिंतीचा पेला (वर रुंद आणि खाली अरुंद असलेला चालणार नाही), डब्याचं झाकण, ताटली, जाड सुती दोरा, वहीचा कागद, मोजपट्टी, टाचणी, एक सेमी चौकटींचा आलेख कागद, कंपास.

आधी व्यास

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गोल वस्तूचा केंद्रबिंदू दिसत नाही, त्यामुळे पट्टी अंदाजाने ठेवली जाते. ती केंद्रातून गेली नाही, तर आपण व्यास नाही, एखादी जीवा मोजतो. व्यास ही सर्वांत मोठी जीवा आहे, म्हणून अशी चूक नेहमी एकाच बाजूला होते : व्यास कमी भरतो आणि π फुगतो. पट्टीचं एक टोक कडेवर घट्ट धरा, दुसरं टोक हळूहळू फिरवा आणि सर्वांत मोठं माप लिहा. किंवा वस्तू दोन जाड पुस्तकांच्या मध्ये बसवा, पुस्तकं एकमेकांना समांतर ठेवा आणि मधलं अंतर मोजा. मला ही दुसरी युक्ती जास्त भरवशाची वाटते.

पद्धत पहिली : दोरा

वस्तूभोवती दोरा एकदा गुंडाळा, जिथे तो स्वतःला भेटतो तिथे खूण करा, सरळ करून मोजा. गुंडाळताना ताणलात तर मोजतानाही तेवढाच ताणा. मी घरी १ मिमी जाडीचा दोरा घेतला. माझी मापं अशी आली :

| वस्तू | व्यास (सेमी) | दोऱ्याची लांबी (सेमी) | भागाकार |
|---|---|---|---|
| नाणं | २.५ | ८.१ | ३.२४ |
| पेला | ७.३ | २३.३ | ३.१९ |
| झाकण | १२.४ | ३९.३ | ३.१७ |
| ताटली | २६.२ | ८२.६ | ३.१५ |

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. वस्तू मोठी होत गेली तसा आकडा उतरत गेला. मी निष्काळजीपणे मोजलं असतं, तर आकडे कधी वर, कधी खाली गेले असते. ते एकाच दिशेने सरकतात, म्हणजे त्यामागे काहीतरी कारण आहे.

कारण दोऱ्याच्या जाडीत आहे. दोऱ्याचा मधला भाग वस्तूच्या कडेवर नसतो, कडेपासून अर्धा मिमी बाहेर असतो. दोन्ही बाजू मिळून व्यास १ मिमीने वाढल्यासारखा होतो आणि दोरा सुमारे ३ मिमी जास्त लागतो. गंमत अशी की नाणं असो वा ताटली, जास्तीचे ते ३ मिमी तेवढेच राहतात. नाण्याच्या ८ सेमीत ते डोळ्यांवर येतात, ताटलीच्या ८२ सेमीत हरवून जातात.

चूक दोन्हीकडे सारखीच असेल, तर वजाबाकी करून ती काढून टाकता येते. ताटलीच्या मापातून नाण्याचं माप वजा करू :

परिघांतला फरक = ८२.६ − ८.१ = ७४.५
व्यासांतला फरक = २६.२ − २.५ = २३.७
७४.५ ÷ २३.७ = ३.१४

दोरा तोच, मापं तीच. तुम्हीही तुमच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या वस्तूवर ही वजाबाकी करून बघा.

पद्धत दुसरी : कागदाची पट्टी

एक सेमी रुंदीची कागदी पट्टी घट्ट गुंडाळा. तिची टोकं एकमेकांवर येतात तिथे दोन्ही थरांतून टाचणी टोचा, पट्टी उलगडा आणि दोन भोकांमधलं अंतर मोजा. कागद पातळ असतो आणि ताणला जात नाही. मला झाकणासाठी ३९.० आणि ताटलीसाठी ८२.४ सेमी मिळाले, म्हणजे दोन्हींचा भागाकार ३.१५ च्या आसपास. ताटलीला एक पट्टी पुरत नाही, दोन-तीन चिकटवाव्या लागतात. नाण्याभोवती मात्र पट्टी नीट बसतच नाही, तिथे हट्ट करू नका.

पद्धत तिसरी : घरंगळवणं

झाकणाच्या कडेवर खूण करा, ते जमिनीवर उभं धरून पाच फेऱ्या चालवा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं अंतर पाचाने भागा. करायला सर्वांत मजेची, पण भरवशाला सर्वांत कमी. मी तीनदा केलं : १९४.१, १९६.० आणि १९३.२ सेमी. त्यांतून π आला ३.१३, ३.१६ आणि ३.१२. झाकण वेडंवाकडं गेलं, की सरळ मोजलेलं अंतर कमी भरतं; न फिरता पुढे घसरलं, की जास्त भरतं. दोऱ्याच्या चुकीला दिशा होती, इथे ती नाही. म्हणून इथे वजाबाकी उपयोगाची नाही. इथे पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढायची. माझी सरासरी ३.१४ आली, पण तीन प्रयत्नांच्या जोरावर त्याबद्दल मी फुशारकी मारणार नाही.

पद्धत चौथी : चौकटी मोजणं

यात गोल वस्तू लागत नाही. आलेख कागदावर १० सेमी त्रिज्येचं पाव वर्तुळ काढा, केंद्र चौकटींच्या कोपऱ्यावर ठेवा. आत पूर्ण मावलेल्या चौकटी ६९ भरतील. कापल्या गेलेल्या १७, त्यांपैकी अर्ध्याहून जास्त आत असलेल्या १०. म्हणजे एकूण ७९. चार पाव मिळून ३१६ चौकटी, आणि त्रिज्येवरचा चौरस १०० चौकटींचा. भागाकार ३.१६. (वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र पुढच्या इयत्तेत येईल, सध्या एवढं माना की वर्तुळात त्रिज्येवरचे π इतके चौरस मावतात.)

फक्त पूर्ण चौकटी धरल्या तर २.७६ येतो, कापलेल्या सगळ्या धरल्या तर ३.४४. म्हणजे खरा π या दोन आकड्यांच्या मध्येच असणार. आर्किमिडीजने असाच, पण कितीतरी बारीक सापळा लावला होता. त्याने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती घेऊन π हा २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान असल्याचं दाखवलं. तेव्हा "π म्हणजे २२/७" असं लिहू नका. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२८३२ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि सोबत 'आसन्न', म्हणजे जवळपास, असा शब्दही ठेवला.

सोमवारी वहीत काय हवं

किमान चार वस्तू आणि किमान दोन पद्धती. खोडलेली मापं खोडलेलीच राहू द्या, पान फाडू नका. प्रत्येक पद्धतीखाली दोन ओळी लिहा : तुमचे आकडे एकाच बाजूला झुकले की दोन्हीकडे विखुरले, आणि तुमच्या मते कशामुळे. शेवटी हे एक कोडं सोडवा : एकीने झाकणाचा व्यास १२.४ ऐवजी १२.२ मोजला आणि ताटलीचा २६.२ ऐवजी २६.०. कागदी पट्टीची मापं माझीच घेतली, तर तिचा π कोणत्या वस्तूवर जास्त बिघडेल, आणि वजाबाकीची युक्ती तिला वाचवेल का?