पंच मंडळातून मुक्त होण्याबाबत

दि. १३ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. कार्यवाह व मा. पंच प्रमुख,
जिल्हा कबड्डी असोसिएशन, सातारा

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पंच परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून गेली चौदा वर्षे मी जिल्ह्याच्या पंच मंडळात काम करतो आहे. येत्या १ डिसेंबरपासून मला या जबाबदारीतून मुक्त करावे, ही विनंती.

कारण वेळेचे आहे. जूनपासून शाळेत मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडे आला. त्यातच वडिलांचे डायलिसिस सुरू झाले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार त्यांना पाटणहून कराडला न्यावे लागते. आपल्या स्पर्धा शनिवार-रविवारीच असतात. फलटण किंवा खंडाळ्याला सामना असला की सकाळी निघून रात्रीच परतता येते, आणि वडिलांसोबत जायला घरात दुसरे कोणी नाही.

केवळ हजेरीचा प्रश्न असता, तर महिन्यातून एखादा रविवार मी काढला असता. पण ऑगस्टमधल्या उजळणी शिबिराला मी येऊ शकलो नाही आणि त्यानंतर कुमार गटाच्या एका सामन्यात माझ्या हातून चूक झाली. समोर पाचच बचावपटू असताना मी चढाईपटूला बोनस दिला. सहा किंवा अधिक बचावपटू असल्याशिवाय बोनस नाही, हे मी स्वतः नव्या पंचांना शिकवत आलो. संघनायकाने शांतपणे लक्षात आणून दिले, सरपंचांनी निर्णय फिरवला, सामना पुढे गेला. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. तीस सेकंदांच्या चढाईत निदान रेषा, बोनस रेषा, राखीव क्षेत्र आणि बचावपटूंची संख्या एकाच वेळी नजरेत ठेवावी लागते. ती नजर सरावानेच टिकते. त्या पोरांनी वर्षभर मातीत घाम गाळलेला असतो. त्यांच्या सामन्यात अर्ध्या तयारीने शिट्टी धरणे मला पटत नाही.

नोव्हेंबरमधील निवड चाचणीचे रविवारचे सामने मी आधीच स्वीकारले आहेत, ते पूर्ण करीन. तिथे गुणलेखक किंवा वेळाधिकारी म्हणून बसवले तरी चालेल. मैदानावर मात्र एखाद्या तरुण पंचाला उभे करावे. गेल्या वर्षी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलींना अजून पुरेसे सामने मिळालेले नाहीत. त्या रेषेवर फार सावध असतात, हे मी जवळून पाहिले आहे. माझी जागा त्यांच्यापैकी एकीला मिळाली तर मनापासून आनंद होईल.

माझ्याकडील कोरी गुणपत्रके, दोन स्टॉपवॉच आणि पंच मंडळाचे ओळखपत्र शेवटच्या सामन्यानंतर कार्यालयात जमा करीन.

पहिल्या जिल्हास्तरीय सामन्यात माझा निर्णय प्रेक्षकांना रुचला नव्हता, आरडाओरडा झाला होता. तेव्हा ज्येष्ठ पंच पाठीशी उभे राहिले आणि म्हणाले, "दिसलं तेच दिलंस ना? मग मान खाली घालू नको." त्यांचे ऋण मी विसरलेलो नाही. मंडळातील सर्व सहकाऱ्यांनाही माझा नमस्कार कळवावा.

आपला नम्र,
दत्तात्रय
सदस्य, पंच मंडळ (पाटण तालुका)