खांद्यावरची बोटं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आजीला लांबचं स्वच्छ दिसायचं, जवळचं मात्र चष्म्याशिवाय नाही. तिनं चष्मा लावला, निनादच्या हातातून फोन घेतला, नीट न्याहाळला आणि म्हणाली, "शकू."

"शकू कोण? आजी, तू आहेस ती. तुझाच फोटो आहे, फक्त रंगीत केलाय."

"शकूच आहे ही," आजी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

वृषाली स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमाला दोन आठवडेही उरले नव्हते. हॉल ठरला होता, गुरुजी ठरले होते आणि दारात लावायच्या फ्लेक्सवर सासूबाईंचा तरुणपणीचा फोटो हवा, ही कल्पना तिचीच होती. आजींचा लग्नाआधीचा एकच फोटो घरात होता. आजोबांच्या ज्ञानेश्वरीत ठेवलेला, पोस्टकार्डाहून लहान, एका बाजूनं कात्रीनं कापलेला. तो निनादच्या हवाली झाला होता.

"आई, काय सुंदर दिसताय हो!" फोनमध्ये डोकावून वृषाली म्हणाली. "केवढा उजळ चेहरा आलाय. मागं पर्वतीसुद्धा आहे."

पडद्यावरची मुलगी मोरपंखी पातळ नेसलेली होती. गोरीपान, तुकतुकीत गालांची, ओठांवर हसू, आणि मागं संध्याकाळच्या उन्हात पर्वतीच्या पायऱ्या.

"तू त्याला काय सांगितलंस रे?" आजीनं विचारलं.

"त्याला म्हणजे?"

"त्या यंत्राला. काहीतरी लिहून द्यावं लागतं म्हणालास ना? ते वाच."

निनादनं मुद्दाम मराठीत लिहिलं होतं, आजीला दाखवता यावं म्हणून. त्यानं वाचून दाखवलं. "हा जुना कृष्णधवल फोटो आहे. १९६० सालची पुण्यातली सोळा वर्षांची मुलगी. फोटोवरचे ओरखडे, डाग आणि नको असलेल्या गोष्टी काढून टाक. रंग भर. पातळ मोरपंखी कर. मागे पर्वती दाखव. चेहरा हसरा आणि सुंदर दिसू दे."

आजी ऐकत होती. मग तिनं स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. तिच्या गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर देवीचे व्रण होते. निनादनं ते जन्मल्यापासून पाहिले होते, त्यामुळे ते त्याच्या ध्यानातच यायचे नाहीत.

"मी चार वर्षांची असताना देवी आल्या," ती म्हणाली. "शकूला नाही आल्या. आणि ती गोरी, मी वडिलांसारखी सावळी. एवढाच काय तो आमच्यात फरक. नाक, जिवणी, कपाळ सगळं एक. आई म्हणायची, एकाच साच्यातल्या आहात. तू माझे व्रण पुसलेस, रंग उजळलास, आणि ती समोर आली."

माधव एव्हाना पेपर बाजूला ठेवून ऐकू लागला होता. आपल्या आईला एक धाकटी बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं. आई कधी त्याहून जास्त बोलली नव्हती आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"मूळ फोटो दाखव," आजी म्हणाली. "मोठा करून."

निनादनं तो मोठ्या आकारात स्कॅन करून घेतला होता. त्यानं लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. खुर्चीवर ताठ बसलेली सावळी मुलगी, हात मांडीवर एकमेकांत गुंतवलेले, चेहऱ्यावर हसू नाही. मागं स्टुडिओचा पडदा, त्यावर रंगवलेले खांब आणि कठडा. उजव्या कडेला कात्री चाललेली, थोडी तिरकी.

"फोटोग्राफर म्हणाला होता, अजिबात हलू नका. हसायचं कुठलं! आणि पातळ मोरपंखी नव्हतं. इरकली होतं, किरमिजी. मावशीचं मागून आणलेलं." आजीनं बोट पडद्याला लावलं. "हे बघ. हे तू घालवलंस."

तिच्या खांद्यावर चार बोटं होती. मनगटापाशी कात्री चालली होती. हात तिथंच संपत होता. रंगीत फोटोत त्या जागी पदराची एक चुणी आली होती.

"ही बोटं मला पदराचा भाग वाटली गं," निनाद म्हणाला.

"मी बसलेली आणि शकू उभी. दोघींचा फोटो होता. दिवाळीनंतर काढला, माझ्यासाठी वाईचं स्थळ आलं होतं म्हणून. शकू शाळेतून परस्पर स्टुडिओत आली. हुजूरपागेतून. मला एकटीला भीती वाटत होती, म्हणून ती मागं उभी राहिली. वडील म्हणाले, राहू दे, दोघींचा निघेल. फोटो घरी आला. आईनं बघितला आणि शिवणाच्या डब्यातली कात्री काढली."

"का?" वृषालीनं विचारलं.

"शकू शेजारी दिसली असती तर वाईकरांनी तिलाच मागणी घातली असती. चौदा वर्षांची होती, तरीही. दोन वर्षं थांबतो म्हणाले असते." आजी हे अगदी सरळ सांगत होती. "आईला दोष नाही देत मी. तिचा जीव माझ्यासाठी तुटायचा. माझा अर्धा भाग वाईला गेला, शकूचा आईच्या ट्रंकेत राहिला. वैशाखात माझं लग्न झालं. आणि जुलैत पानशेत फुटलं."

१२ जुलै १९६१. निनादला तारीख शाळेपासून पाठ होती. पण आपल्या घरातलं कुणी त्या पाण्याच्या वाटेत होतं, हे त्याला माहीत नव्हतं. आजीच्या माहेरचं, लेल्यांचं बिऱ्हाड नारायण पेठेत होतं, नदीकडच्या अंगाला, तळमजल्यावर. पाणी येतंय म्हणून ओरडा झाला तेव्हा आईनं देवघरातले देव पदरात घेतले, शकूनं आजारी वडिलांना हाताला धरलं, आणि सगळी माणसं वरच्या अंगाला धावली. माणसं वाचली. ट्रंक राहिली.

"मी वाईहून आले तेव्हा पाणी कधीच ओसरलं होतं. घरात गाळ हा एवढा," आजीनं गुडघ्याच्या वर हात धरला. "पोळपाट, भांडी, माझ्या लग्नातला रुखवताचा बंब, सगळं त्यात. शकू फावड्यानं गाळ काढत होती. मला बघून पहिलं काय म्हणाली असेल? ताई, ट्रंक सापडली, पण आतल्या कागदांचा लगदा झालाय. माझा अर्धा गेला, तू तुझा सांभाळ."

पुढचं तिनं थोडक्यात सांगितलं. पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या निसन हटमधले दिवस. पत्र्यावर वाजणारा पाऊस. आणि १९६३ च्या भाद्रपदात शकूला विषमज्वर झाला. तोपर्यंत कुणाला तिचा दुसरा फोटो काढायचं सुचलं नव्हतं. वह्या, पुस्तकं आणि डोक्यावरचं छप्पर यांनाच पैसे पुरत नव्हते.

सगळे गप्प बसले. मग निनाद म्हणाला, "आजी, आपण दोघींचा पूर्ण फोटो करू या का? तू सांग, मी लिहितो. शकू कशी होती ते नीट सांग."

आजीचा चेहरा खुलला. ती खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली, आणि अक्षरशः एकेक ओळ घालून देऊ लागली. उजवा खांदा जरासा खाली, दप्तरामुळे. दोन वेण्या, काळ्या रिबिनी, वर बांधलेल्या. केस कुरळे नाहीत, नुसते दाट. डाव्या भुवईत बारीकशी खोक, दारावर आपटून झालेली. पांढरं पोलकं, निळा परकर. पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला. निनाद लिहीत गेला. त्याची वाक्यं आता पहिल्यासारखी नव्हती. हसरी, सुंदर, प्रसन्न यातलं काही त्यात आलं नाही.

पहिलं चित्र आलं. आजीनं मान हलवली. "ही कुणीतरी सिनेमातली आहे." दुसऱ्यात खोक उजव्या भुवईत. पुढच्यात खांदा बरोबर, पण डोळे मोठे. निनाद दुरुस्त्या लिहीत होता, चित्र बदलत होतं, आणि खरोखरच जवळ जवळ येत होतं. माधवसुद्धा खुर्चीमागं येऊन उभा राहिला. वृषालीनं गॅस बंद केला.

"दात?" निनादनं विचारलं. "कुठल्या बाजूचा?"

"डावा," आजी म्हणाली. मग थांबली. "नाही... उजवा. थांब हं." तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच ठेवले. उघडले तेव्हा ती घाबरलेली दिसली. "निनाद, बंद कर ते."

"अगं, आता जमतच आलंय. एक शेवटचं..."

"नको. डोळे मिटले की मला तुझ्या मगाचच्या त्या मुली दिसतायत. मोठ्या डोळ्यांची ती, आणि त्या आधीची. साठ वर्षं मी डोळे मिटले की शकू यायची. आता ह्या पोरी मधे येतायत. अजून दोन बघितल्या तर ती मला सापडायची नाही."

निनादनं लॅपटॉप मिटला. मागे झालेल्या चित्रांचं काय करायचं, हे त्याला कळेना. "पुसून टाकू?"

"सगळी पूस. माझ्यासमोर."

त्यानं लॅपटॉप परत उघडला, पडदा स्वतःकडे वळवून एकेक चित्र काढून टाकलं, आणि आजीनं विचारलं तेव्हा झालं म्हणून सांगितलं. राहिला तो मूळ फोटो, मोठा केलेला. आजी पुढं सरकली. खांद्यावरच्या बोटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे मधल्या बोटावर काय आहे? काळं?"

निनादनं तो भाग आणखी मोठा केला. मधल्या बोटाच्या पेरावर गडद, वेडावाकडा डाग होता.

"फोटोवरचा डाग असेल," माधव म्हणाला.

"शाई आहे," आजी म्हणाली. "टाकानं लिहायची ना ती. बोट कायम बरबटलेलं. आई सारखी ओरडायची, साबण लाव, साबण लाव." मूळ फोटोत बोट तांदळाच्या दाण्याएवढं होतं, इतक्या वर्षांत तिला ते कधी दिसलंच नव्हतं. ती आता मोठमोठ्यानं हसत होती आणि डोळे पुसत होती. "त्या दिवशी पेपर होता तिचा! बीजगणिताचा. तशीच आली, हात न धुता."

फ्लेक्सचं मग वृषालीनंच काढलं. छपाईवाल्याला रात्रीपर्यंत फोटो पाठवायचा होता. "आई, मूळचाच देऊ या. पण ही कापलेली कड आणि ही बोटं... लोक विचारतील."

"विचारू देत की. मी दिवसभर तिथंच बसलेली असणार आहे."

"ओरखडे तरी काढू का?" निनादनं विचारलं.

"ओरखडे काढ. कड आणि बोटं राहू देत. माझ्या गालांना हात लावू नकोस."

निनाद टाईप करू लागला. "खाली काय लिहू? सौ... म्हणजे श्रीमती सुमती..."

"ते नाव वर मोठ्या अक्षरात आहेच. फोटोखाली वेगळं लिही. बसलेली सुमती, उभी शकुंतला. पुणे, १९६०."

"आडनाव?"

"लेले लिही. दोघींचं तेच होतं तेव्हा."