रविवारचा सराव संच : विभाज्यता आणि असमानता
(सातवी-आठवी, वरुड तालुका. वेळ दीड तास. उत्तर बरोबर पण कारण नाही, तर अर्धेच गुण.)

1. बागेतल्या संत्र्यांचे 7-7 चे ढीग केले तर 3 उरतात, 11-11 चे केले तर 5. संत्री 200 पेक्षा कमी आहेत. जास्तीत जास्त किती?

2. n विषम असेल तर n³ − n ला 24 ने नेहमी भाग जातो, हे सिद्ध करा. चार-पाच संख्या घालून पाहणं म्हणजे सिद्धता नव्हे. आधी अवयव पाडा.

3. एक काका म्हणतात, "माझं वावर आयताकृती, कुंपण बरोबर 400 मीटर लागलं, अन् जमीन 1.1 हेक्टर." काकांचं म्हणणं शक्य आहे का? (a − b)² कधीच ऋण नसतो, एवढंच हत्यार पुरेसं आहे.

4. a, b धन पूर्णांक आहेत आणि 1/a + 1/b = 1/6.
(अ) a + b ≥ 24 दाखवा.
(आ) सगळ्या जोड्या शोधा.
हाच संचातला खरा प्रश्न, निम्मा वेळ याच्यासाठी ठेवा. (आ) साठी दोन्ही बाजूंना 6ab ने गुणून (a − 6)(b − 6) = 36 पर्यंत या. कंसातल्या दोन्ही संख्या ऋण का नसतील, तेही लिहा. बहुतेक जण हेच विसरतात.

पडताळ्यासाठी : पहिल्याचं उत्तर 192. चौथ्यात (a, b) आणि (b, a) वेगळ्या धरल्या तर 9 जोड्या.