नवीन कर्मचाऱ्यांची पहिल्या आठवड्याची चेकलिस्ट : मशीन शॉपचे शेरे

ज्योतीताई,

तुम्ही पाठवलेली चेकलिस्ट काल सेकंड शिफ्टला वाचली. २७ मुद्दे, अडीच पानं. टेबलावर बसून वाचली तेव्हा ठीकच वाटली. मग प्रिंट हातात घेऊन गेटपासून लाइनपर्यंत चालत वाचली, आणि तीन ठिकाणी पाय अडखळला. सोमवारी १४ पोरं येतायत, त्यातली ९ माझ्याकडं, म्हणून आजच लिहून टाकतो. थोडं लांबलंय.

मुख्य अडचण आधी सांगतो. यादी आपल्याला पोरांकडून काय काय पाहिजे या क्रमानं लिहिली गेलीय. पोराला पहिल्या दिवशी काय काय लागतं ते त्यात मध्येच कुठंतरी येतं, नाहीतर येतच नाही.

आता क्रम. मुद्दा ९ म्हणतो, पहिल्या दिवशी दुपारी २ वाजता लाइनवर रुजू. मुद्दा १६ म्हणतो, सुरक्षा प्रशिक्षण गुरुवारी. म्हणजे सोमवार दुपारपासून गुरुवारपर्यंत पोरगं चालू मशीनजवळ उभं, आणि लाल बटण कुठंय हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. सेफ्टीवाले कुलकर्णी सर बॅच जमा करून गुरुवारी घेतात हे मला माहिताय, त्यांचीही ओढाताण आहे. अख्खं प्रशिक्षण गुरुवारीच राहू द्या. पण लाइनवर पाय ठेवायच्या आधीची २० मिनिटं वेगळी काढा, ती मी स्वतः घेतो: इमर्जन्सी स्टॉप, बाहेर पडायच्या दोन वाटा, प्रथमोपचार पेटी, फिरत्या चकजवळ हातमोजे का चालत नाहीत, एवढंच.

याच ओघात एक गोष्ट कुठल्याच यादीत नसते. आपल्याकडं निम्म्या पोरांच्या गळ्यात तुळशीची माळ असते, मनगटाला दोरा असतो. चकजवळ दोन्ही चालत नाही. पण हे लाइनवर चार जणांसमोर सांगितलं की पोरगं दुखावतं, आणि मग कधी गुपचूप शर्टाच्या आत ठेवतं, जे आणखी वाईट. रुजू व्हायच्या आधी तुम्ही जो फोन करता, त्यातच सांगा: माळ, दोरा, अंगठी घरी ठेवून या, किंवा लॉकरमध्ये ठेवायची तयारी ठेवा. फोनवर सांगितलं की ते घरी विचारून येतात. मागच्या बॅचला एकाची आजी स्वतः बोलली माझ्याशी, म्हणाली, "काढंल की, इठोबा काय रागवत न्हाई." विषय संपला.

दुसरी क्रमाची गाठ जास्त अवघड आहे. सेफ्टी शूज (मुद्दा १२) स्टोअरमधून मिळतात. स्टोअर एम्प्लॉयी कोड मागतं. कोड सिस्टीममध्ये तयार होतो तो बँकेचा तपशील भरल्यावर (मुद्दा ३). आणि बँकेचा तपशील अडतो नावावर. गेल्या वेळी आलेल्या ज्ञानेश्वरचं आधारवर Dnyaneshwar होतं, पासबुकात Dyaneshwar, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर Gyaneshwar. आपेगाव आपल्याच पैठण तालुक्यात, आणि त्याच नावाचं इंग्रजी स्पेलिंग आपल्याला एक ठरवता येत नाही. त्या एका अक्षरापायी पोरगं दोन दिवस चपलेवर फिरलं. मशीन शॉपमध्ये चपलेवर. मी त्याला ऑफिसात बसवून ठेवला, ड्रॉइंग वाचायला दिली, पण ती काही व्यवस्था नाही.

उपाय सोपा आहे. शूज आणि गणवेश कोडवर न देता गेट पासवर द्यायचे, स्टोअरच्या वहीत सही घ्यायची, कोड आला की नोंद फिरवायची. स्टोअरच्या बागल मामांशी बोललो, ते तयार आहेत, फक्त तुमच्याकडून लेखी पाहिजे म्हणाले. बुटाचा नंबर आधीच्या फोनवर विचारून घ्या. ६ आणि ११ नंबर स्टोअरला कधीच शिल्लक नसतो.

नाव जुळवणीही फोनवरच उरकता येईल. आधार, पासबुक आणि पॅन, तिघांचे फोटो रुजू व्हायच्या आधी मागवून घ्या. फरक दिसला तर पोराला गावाकडं असतानाच बँकेत जाता येतं. इकडं आल्यावर त्याला एक दिवस सुट्टी टाकावी लागते, आणि पहिल्याच आठवड्यात सुट्टी मागायला पोरगं लाजतं.

पीएफचा मुद्दा ४ एका ओळीत आटोपलाय: "यूएएन काढणे." त्याच्या दोन ओळी करा. पहिली: आधी कुठं काम केलंय का, हे विचारणे. पुष्कळ पोरं ठेकेदाराकडं चार-सहा महिने राबून आलेली असतात, त्यांचा यूएएन आधीच असतो, त्यांना ते माहीतही नसतं. दुसरा काढून ठेवला की पुढं पैसे एकत्र करताना त्रास त्यांनाच. दुसरी: नवा काढायचा असेल तर उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आपल्या पोरांच्या आधारला बहुधा बापाचा नंबर असतो. ओटीपी अंबडला शेतात वाजतो, बाप पाणी देत असतो, आणि इथं आपण अर्धा तास स्क्रीनकडं बघत बसतो. तेव्हा "आधारला कोणता मोबाइल जोडलाय" हा प्रश्नही त्याच फोनमध्ये घाला.

ईएसआयसी मुद्दा ५ ला "महिनाअखेर" लिहिलंय. हे बदलाच. २१,००० पर्यंत पगार असलेल्याची नोंदणी रुजू झाल्यापासून १० दिवसांत करायची असते. शिवाय कामावर इजा झाली तर त्याचा लाभ पहिल्या दिवसापासून लागू असतो, वर्गणी किती भरली हे बघत नाहीत. नवीन माणसालाच इजा व्हायची भीती जास्त, आणि त्याचाच नंबर आपण महिनाअखेर काढणार, हे पटत नाही. नोंदणी दुसऱ्या दिवशी करा. दवाखाना निवडताना पोराचा वेगळा आणि कुटुंबाचा वेगळा निवडता येतो, हे त्याला सांगा. बायको-आई घनसावंगीला असताना त्यांच्यासाठी वाळूजचा दवाखाना लिहून काय उपयोग?

संपर्क. हा भाग वाचताना मला हसू आलं, माफ करा. मुद्दा ११: "अडचण आल्यास जाधव यांना भेटणे." ताई, आपल्याकडं जाधव चार आहेत. डिस्पॅचला एक, टूलरूमला एक, कॅन्टीनच्या ठेक्याचा एक, आणि क्वालिटीतला राजू जाधव, जो सहा महिन्यांपूर्वी चाकणला गेला. मला वाटतं तुम्हाला गेलेलाच अभिप्रेत होता. मुद्दा १९ मधला इंटरकॉम २१४ मी लावून पाहिला, कॅन्टीनला लागला. "आज शेवग्याची भाजी आहे," एवढी माहिती मिळाली.

आणि सात ठिकाणी नुसतं "संबंधित विभाग" लिहिलंय. नवीन माणसाला कोणता विभाग संबंधित हेच तर कळत नसतं. मागच्या बॅचचा एक मुलगा सकाळी ७ ला आला आणि ११ पर्यंत गेटजवळच्या बाकावर बसला होता. मी विचारलं, आत का नाही आलास? म्हणाला, "सर, कुणाला इचारायचं तेच कळंना." वॉचमनला वाटलं एचआरमधून कुणी येईल, तुम्हाला वाटलं वॉचमन पाठवेल. दोष कुणाचाच नव्हता, यादीत नाव नव्हतं.

म्हणून प्रत्येक ओळीपुढं पूर्ण नाव, खातं, कुठं बसतात आणि ते नसतील तर कोण, एवढं द्या. फर्स्ट शिफ्टचं आणि सेकंड शिफ्टचं वेगळं. मशीन शॉपची मी देतो: फर्स्टला भागवत मुळे, इन्स्पेक्शन टेबलाच्या डाव्या बाजूची केबिन; मी नसलो तर सेटर तुकाराम; सेकंडला सुनीताताई, लाइन २ च्या टोकाला. गेटवर सोमवारी ६:४५ ला तुकाराम थांबेल, १४ नावांची यादी हातात घेऊन, तुमची पाच पोरंही तोच आत आणेल.

आता जे यादीत नाहीच. सगळ्यात आधी बस. बाबा पेट्रोल पंपावरून किती वाजता, बजाजनगरला मोरे चौकात कुठल्या बाजूला थांबते, चुकली तर फोन कुणाला करायचा. पहिल्या आठवड्यातले निम्मे लेटमार्क यापायीच पडतात, हे माझं निरीक्षण आहे, तुम्ही पंचिंगच्या नोंदी काढून बघा. मग कॅन्टीनचं कूपन: कार्ड बुधवारी मिळतं, आणि कार्डाशिवाय जेवण नाही. सोमवार-मंगळवार पोरगं वडापाव खातं. दोन दिवसांची कागदी कूपनं काढा.

पगाराबद्दल यादीत एक अक्षर नाही. २० तारखेनंतर रुजू झालेल्याचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगारासोबत निघतो, हे आपल्याला पाठ आहे, त्याला नाही. हा सोमवार २२ तारखेचा आहे. १४ च्या १४ जणांना हे लागू होतंय. रांजणगावात खोली घेऊन, डिपॉझिट भरून आलेल्या पोराला हे महिनाअखेर कळलं तर तो तिसऱ्या आठवड्यात निघून जातो, आणि आपण म्हणतो टिकत नाहीत. शक्य असेल तर अ‍ॅडव्हान्सचं अकाउंट्सला विचाराच. नसेल शक्य, तर निदान फोनवर आजच सांगा.

या बॅचमध्ये तीन मुली आहेत. अंतर्गत तक्रार समितीतल्या बाईंचं नाव आणि त्या बसतात ती जागा पहिल्या दिवशीच्या कागदात पाहिजे, सूचनाफलकावर आहे म्हणून भागत नाही. सेकंड शिफ्टची परतीची बस दारापर्यंत सोडते का, हेही लिहा; घरचे पहिल्यांदा तेच विचारतात.

मशीन शॉपपुरतं मी जोडतो: मंगळवारी व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात देऊन वाचायला लावणं, बुधवारी रिजेक्शनची लाल पेटी आणि तिच्यात टाकलेला पीस कुणीही परत उचलायचा नाही हा नियम, शनिवारी माझ्याबरोबर १० मिनिटं बसून बोलणं. मुद्दा २३ ते २६ (कंपनीचा इतिहास, धोरणपुस्तिका, गुणवत्ता धोरण, फीडबॅक फॉर्म) दुसऱ्या आठवड्यात ढकला. पहिल्या दिवशी त्या पुस्तिकेवर सगळे सही करतात, वाचत कुणी नाही, मीही वाचली नव्हती.

सोमवार माझ्या हिशेबानं असा: ६:४५ गेट, ७:०० कागद आणि फोटो, ८:०० पंचिंगला बोट, ८:३० स्टोअरमध्ये बूट-गणवेश आणि लॉकर, ९:१५ चहा, ९:३० सुरक्षेची २० मिनिटं, मग पाणी-स्वच्छतागृह-कॅन्टीन दाखवत शॉपमधून एक फेरी, ११ नंतर लाइनवर, पण फक्त सेटरच्या शेजारी उभं राहून बघायला. मशीनला हात मंगळवारी.

पिवळ्या मार्करनं खुणा केलेली प्रिंट तुमच्या ट्रेमध्ये ठेवलीय. जाधवचं तेवढं आजच दुरुस्त करा, बाकी शनिवार दुपारपर्यंत आलं तरी मी गेटवर लावून घेतो.

भागवत मुळे
मशीन शॉप, फर्स्ट शिफ्ट